पाटील, पण कुठले?

2019 च्या विधानसभा निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातून 11 आमदार निवडून आले. त्यांतले 5 पाटील होते: जळगाव ग्रामीणचे गुलाबराव, अमळनेरचे अनिल, एरंडोलचे चिमणराव, पाचोऱ्याचे किशोर आणि मुक्ताईनगरचे चंद्रकांत. त्याच विधानसभेत कोथरूडमधून निवडून आलेले आणखी एक चंद्रकांत पाटील बसत होते, मूळचे कोल्हापूरकडचे. शेजारच्या गुजरातेत नवसारीचे खासदार चंद्रकांत पाटील, म्हणजे सी. आर. पाटील. त्यांचा जन्म पुन्हा जळगाव जिल्ह्यातलाच.

तिघा चंद्रकांतांच्या वडिलांची नावं वेगळी आहेत: निंबा, बच्चू आणि रघुनाथ. सरकारी कागद त्यांच्यात फरक करतो तो या मधल्या नावांनी. माणसं मात्र बोलताना वडिलांचं नाव घेत नाहीत. ती म्हणतात, मुक्ताईनगरचे, कोथरूडचे, नवसारीचे. नाव सारखं झालं की खानदेशी माणूस गाव विचारतो, आणि पुढे त्या माणसाला गावासकट लक्षात ठेवतो. ही सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. नावं का विसरतात आणि कशी टिकतात याबद्दल मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नासेक वर्षांत जे शोधून काढलं, त्यातला बराचसा भाग या एका प्रश्नात सापडतो.

आडनावाच्या आधाराने माणूस लक्षात ठेवणं जळगाव-धुळ्यात जवळपास अशक्य आहे. पाटलांखालोखाल चौधरी, महाजन, सोनवणे, वाणी. एखाद्या लग्नात 'पाटील साहेब' अशी हाक मारली तर मांडवातली निम्मी माणसं मागे वळून बघतील. उरतं पहिलं नाव, आणि तेच सगळ्यांत आधी निसटतं.

ते का निसटतं, हे 1987 साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगात फार साधेपणाने दिसलं. मॅकवीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. प्रत्येक चेहऱ्याबरोबर एक आडनाव आणि एक व्यवसाय सांगितला. युक्ती अशी होती की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. इंग्रजीत बेकर हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्याचा धंदाही. एका चेहऱ्याला 'हे बेकर' म्हणून सांगितलं, दुसऱ्याला 'हे पाव भाजतात' म्हणून सांगितलं. शब्द तोच, उच्चार तोच, तरी धंदा म्हणून सांगितलेला शब्द लोकांना कितीतरी जास्त आठवला.

खानदेशातल्या वाचकाला यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. इथे सुतार, सोनार, शिंपी, माळी, लोहार ही आडनावं गल्लोगल्ली आहेत. 'हे सुतार, तालुक्याच्या कचेरीत असतात' असं कुणी ओळख करून दिली, तर आठवड्यानंतर कचेरी आठवते, सुतार आठवत नाही. तेच 'हे सुतारकाम करतात' असं ऐकलं, तर डोळ्यांपुढे लगेच रंधा येतो, भुसा येतो, घरातलं अडकणारं दार आठवतं आणि यांना ते दाखवावं असंही मनात येतं. धंद्याला दहा धागे आपोआप जोडले जातात. नावाला एकही धागा नसतो, ते माणसावर नुसतं चिकटवलेलं असतं. म्हणून ते गळून पडतं. यात समोरच्याबद्दलची अनास्था नसते आणि विसरणाऱ्याची बुद्धीही कमी नसते.

गाव विचारल्याने नेमकं हे बदलतं. गाव हे नावासारखं कोरं नसतं. असोदा म्हटलं की बहिणाबाईंचं माहेर आठवतं, फैजपूर म्हटलं की 1936 चं काँग्रेस अधिवेशन, सोनगीर म्हटलं की तांब्या-पितळेची भांडी, सावदा म्हटलं की केळी, भुसावळ म्हटलं की रेल्वे. 'प्रल्हाद पाटील' यात पकडायला काही नाही. 'सोनगीरचे प्रल्हाद पाटील' म्हटल्याबरोबर एक पितळी हंडा समोर येतो आणि प्रल्हाद त्या हंड्याला टांगून ठेवता येतो.

मात्र एक अट आहे. गाव आणि नाव एका दमात, एकत्र उच्चारायला हवं. पुष्कळदा होतं असं की गावाचा विषय निघताच गप्पा तिकडेच वाहत जातात. अमक्याला ओळखता का, तमक्याचे तुम्ही कोण, आमची आत्या तुमच्याच गावी दिलेली आहे. दहा मिनिटांनी गाव पक्कं होतं, सोयरीकही जुळते, पण मूळ नाव पहिल्या वाक्यातच राहून गेलेलं असतं. पहिल्या मिनिटात 'म्हणजे सोनगीरचे प्रल्हादभाऊ' हे स्वतःच्या तोंडून एकदा म्हटलं, की तो धागा जोडला जातो. मग पाहिजे तितकं आत्याकडे जावं.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे, आणि सगळ्यांत जास्त नावं तिथेच हरवतात. ती विसरली जात नाहीत, ती मुळात ऐकलीच जात नाहीत. समोरचा नाव सांगत असतो त्याच क्षणी आपण हात जोडत असतो, हसत असतो, आपलं नाव कसं सांगावं ते मनात जुळवत असतो. प्रशिक्षण वर्गात किंवा महाविद्यालयाच्या मेळाव्यात गोल बसून प्रत्येकाने ओळख करून द्यायची असते, तेव्हा हे ठळकपणे दिसतं. माल्कम ब्रेनर यांनी 1973 साली अशाच पाळीपाळीने बोलणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. आपल्या पाळीच्या अगदी आधी बोललेल्याचे शब्द माणसाला सर्वांत कमी आठवतात, असं त्यात आढळलं. कारण उघड आहे: आपली पाळी आली या धास्तीत कान बंद झालेले असतात. तेव्हा अशा बैठकीत आपलं वाक्य सुरुवातीलाच ठरवून मोकळं व्हावं, आणि आपल्या आधी बोललेल्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही असंच धरून चालावं. चहाच्या वेळी पहिल्यांदा त्याच्याकडे जावं.

नाव ऐकू आलं नसेल तर लगेच विचारावं. पहिल्या अर्ध्या मिनिटात 'नाव नीट ऐकू आलं नाही' म्हटल्याने कुणालाही वाईट वाटत नाही, उलट माणूस सावकाश, सुटं करून सांगतो. तासाभराने तोच प्रश्न जड होतो आणि तीन भेटींनंतर तो विचारायची हिंमतच होत नाही.

ऐकलेलं, गावाला बांधलेलं नाव टिकवायचं कसं? इथे बाजारातली पुस्तकं एक उपाय फार जोरात सांगतात: नावाचं एक विचित्र चित्र मनात काढा आणि ते चेहऱ्यावर चिकटवा. स्मरणस्पर्धांमध्ये उतरणारे लोक हे करतात आणि त्यांना ते साधतं. पण ते शांत खोलीत, समोर छायाचित्रं घेऊन बसलेले असतात. पीटर मॉरिस, कॅथरीन फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी हा उपाय खऱ्याखुऱ्या पार्टीत पारखून पाहिला आणि 2005 साली त्याचे निष्कर्ष छापले. काही पाहुण्यांना चित्राची पद्धत सांगितली, काहींना वेगळी. गर्दीत, गप्पांच्या ओघात चित्रवाल्यांना काही फायदा झाला नाही. बोलता बोलता समोरच्याच्या नाकाला काय चिकटवावं याचा विचार करणारा माणूस धड बोलतही नाही. पुढे गेले ते दुसऱ्या पद्धतीचे लोक, ज्यांना एवढंच सांगितलं होतं की ऐकलेलं नाव थोड्या थोड्या वेळाने, दर वेळी अंतर वाढवत, स्वतःच्या मनातून बाहेर काढून बघा.

या पद्धतीचं मूळ लँडाउअर आणि ब्यॉर्क यांच्या 1978 च्या कामात आहे. त्यातला महत्त्वाचा शब्द 'बाहेर काढणं' हा आहे. नाव पुन्हा पुन्हा घोकल्याने ते फारसं टिकत नाही. ते निसटायच्या बेतात असताना चेहऱ्याकडे पाहून, कुणाची मदत न घेता, ओढून आणलं की टिकतं. पहिली ओढ लवकर हवी, अर्ध्या मिनिटात. मग दोन-तीन मिनिटांनी, मग दहाएक मिनिटांनी, मग निघताना. फार उशीर केला तर हाताला काही लागत नाही. फार लवकर लवकर केलं तर ओढायला जोरच लागत नाही आणि तेही वाया जातं.

हे सगळं एका प्रसंगात लावून पाहू. प्रसंग कल्पनेतला आहे आणि त्यातली माणसंही, पण हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यात राहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. पुण्याहून जळगावला बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याला सहकाऱ्याने भालोदजवळच्या शेतात भरीत पार्टीला नेलं आहे. पंधरा माणसं, त्यांतली बारा अनोळखी.

बारा नावं एकदम पकडायचा प्रयत्न केला की बाराही जातात. म्हणून अधिकाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासापुरते चारच लोक घ्यावेत. बाकीच्यांना हात जोडावेत, हसावं, त्यांची पाळी नंतर येईल. शेतात पोचल्यावर बांधाजवळ चौघं भेटतात: सोनगीरचे प्रल्हाद पाटील, भुसावळचे सोपान पाटील, सावद्याचे मुरलीधर चौधरी आणि पार साक्री तालुक्यातून आलेले पिंपळनेरचे रमेश देवरे. प्रत्येकाला त्याने 'गाव कोणतं, भाऊ?' विचारलं आणि उत्तर मिळताच नाव-गाव जोडून एकदा उच्चारलं. प्रल्हादभाऊंना पितळी हंडा मिळाला. मुरलीधरपंतांना केळीचा घड. सोपानभाऊ स्वतः रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांचं काम सोपं झालं. देवरेंनी सांगितलं की पांझरा नदी आमच्या गावावरूनच धुळ्याकडे जाते, म्हणून त्यांना नदी.

पऱ्हाट्या पेटतात. मोठी हिरवी वांगी जाळावर टाकली जातात आणि गोलातली माणसं थोडा वेळ गप्प होऊन जाळ बघतात. ही पहिली ओढ घेण्याची वेळ. जाळापलीकडच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायची आणि मनात म्हणायचं: हंडा, प्रल्हाद. रेल्वे, सोपान. केळी, मुरलीधर. नदी... इथे अडकलं तर ते चांगलंच, कारण आताच कळलं. देवरेंच्या शेजारी जाऊन विचारायला अजून काही बिघडलेलं नाही.

दुसरी ओढ वांगी सोलताना, आणि या वेळी मोठ्याने: 'मुरलीधरपंत, तिखट मिरच्या किती घालायच्या?' गरज असेल तिथे एकदा. प्रत्येक वाक्यात नाव घेणारा माणूस विमा विकायला आल्यासारखा वाटतो, आणि शेतावरच्या बैठकीत ते लगेच लक्षात येतं. तिसरी ओढ, सोललेली वांगी बडगीत घालून मुसळाने ठेचली जात असताना. तोपर्यंत चार नावं बऱ्यापैकी बसलेली असतात आणि पुढची चार घ्यायला जागा होते. चौथी ओढ, पुऱ्या-भरीत आणि कळण्याची भाकरी झाल्यावर, निघताना, नाव घेऊन निरोप देण्याची.

मग गाडीत बसल्यावर, जळगाव यायच्या आत, फोनमध्ये लिहून ठेवावं. इथे जवळपास सगळे एकच चूक करतात. नंबर 'पाटील' म्हणून साठवतात, फार तर 'पाटील भरीत'. सहा महिन्यांनी फोनमध्ये 19 पाटील निघतात आणि ते कोण हे फोनलाही ठाऊक नसतं. 'प्रल्हाद सोनगीर', 'सोपान भुसावळ रेल्वे' असं आधी नाव, मग गाव, मग एक खूण लिहिलं की पुढच्या भेटीआधी नजर टाकता येते. बारातली आठ नावं इतक्या सहजपणे राहिली तर ती संध्याकाळ उत्तम गेली असं समजावं. उरलेल्या चौघांना पुढच्या वेळी विचारता येतं.

जुन्या पंगतीत आणखी एक आधार होता: जागा. ग्रीक कवी सिमोनिडीस मेजवानीतून बाहेर गेला असताना छत कोसळलं, आत सगळे ओळखू न येण्याइतके चिरडले, आणि कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने प्रत्येकाची ओळख पटवली, अशी कथा सिसेरोने सांगितली आहे. जागेवरून माणूस आठवण्याच्या विद्येचा उगम तिथला मानतात. पंगतीत माणूस तास-अर्धा तास एका पाटावर असे आणि वाढणाऱ्याला चार फेऱ्यांत नावं पाठ होत. उभ्याने जेवण्याच्या पद्धतीत तो आधार गेला, कारण ताट हातात घेतलेला माणूस दर पाच मिनिटांनी दुसरीकडे असतो. लग्नात नव्या सोयऱ्यांची नावं शिकायची असतील तर अजूनही वाढायला उभं राहण्यासारखा उपाय नाही.

आता विसरल्यावर काय? खानदेशात एक मोठी सोय आहे. भाऊ, आबा, नाना, आप्पा, तात्या, बापू, अहिराणी पट्ट्यात जिभाऊ. वय बघून यातलं एक निवडलं की संपूर्ण लग्न एकही नाव न घेता पार पडतं. एकनाथ खडसे सगळ्या जिल्ह्याला नाथाभाऊ आणि सुरेश जैन सुरेशदादा. तिथे नात्याचा शब्द नावाच्या मागे येतो. नुसतं 'भाऊ' म्हटलं की तो नावाच्या जागी येतो, आणि तोटा इथेच आहे. 'आबा' म्हणून वेळ निभावली की नाव ओढून काढायची ती संधी जाते. पाच वर्षं शेजारी राहूनही नाव न कळण्यामागे पुष्कळदा हाच जिव्हाळ्याचा शब्द असतो.

शहरी पुस्तकांतल्या काही क्लृप्त्या इथे चालतही नाहीत. नाव आठवत नसेल तर आपल्या बायकोची ओळख करून द्या, समोरचा आपणहून नाव सांगेल, असं म्हणतात. जळगावात समोरचा म्हणतो, 'नमस्कार वहिनी,' आणि थांबतो. 'आडनाव काय म्हणालात?' असं चाचपडलं तर उत्तर येतं, 'पाटील.' 'नंबर साठवतो, नाव कसं लिहू?' हे अधूनमधून चालतं, पण तुमचा नंबर त्यांच्याकडे आधीच असला आणि त्यांनी तुमच्यासमोरच फोन लावला, तर तुमच्या पडद्यावर काय उमटेल ते सांगता येत नाही.

खरा उपाय सरळ आहे आणि त्यातही गावच मदतीला येतं. जे आठवतं ते आधी द्यायचं, जे हरवलं ते मागायचं. 'भाऊ, पिंपळनेर लक्षात आहे, पांझरेचं तुम्ही सांगितलं तेही लक्षात आहे. नाव तेवढं निसटलं.' या वाक्यात समोरच्याला कळतं की आपण त्याच्या आठवणीत आहोत. नुसतं 'सॉरी, तुमचं नाव विसरलो' यात तो भाग नसतो, म्हणून ते लागतं. उत्तर आल्यावर माफीचं लांबण लावू नये. दोनदा-तीनदा माफी मागितली की समजूत घालायचं काम समोरच्यावर येतं. 'रमेशभाऊ, बरोबर,' म्हणावं आणि जे बोलायचं होतं ते त्याच नावाने पुढे बोलावं. ती पहिली ओढही होते.

नाव अगदी तोंडावर आलेलं असतं पण येत नाही, तेव्हा झटापट करू नये. एखादं चुकीचं नाव पुन्हा पुन्हा पुढे येऊन वाट अडवून बसतं आणि जितकं ढकलावं तितकं घट्ट होतं. विषय बदलला की बरेचदा खरं नाव आपणहून येतं. वयाबरोबर हे वाढतं, आणि विशेषनामांच्या बाबतीत सर्वांत जास्त. साठीनंतर असं होणं एवढ्यावरून आजाराची शंका घेण्याचं कारण नाही.

चुकीचं नाव घेतलं जाणं ही वेगळी गोष्ट आहे. 2016 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं तेव्हा असं दिसलं की माणसं नावांची अदलाबदल करतात ती एकाच गटातल्या लोकांची: एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने, मित्राला मित्राच्या नावाने. खानदेशातल्या जुन्या घरांत ही अदलाबदल होणारच होती. वारकरी घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी चार भावंडांची नावं चार चुलतभावंडांना दिलेली असत. एक हाक मारायला जावं तर दुसरी तोंडातून निघते, कारण मनात ती एकाच खणात ठेवलेली असतात. भरीत पार्टीत सोपानभाऊंना 'निवृत्तीभाऊ' म्हटलं गेलं तर 'सोपानभाऊ' एवढी दुरुस्ती त्याच वाक्यात करून पुढे जावं. सोपानभाऊंनाही ते घरचंच वाटेल, त्यांच्या आईने हजारदा केलेली चूक आहे ती.

उच्चाराची चूक मात्र अधिक बोचते, कारण ती चारचौघांत, बहुधा माइकवर होते. तिचं एक मोठं कारण रोमन लिपीतली यादी आहे. परिषदेच्या, पारितोषिक समारंभाच्या याद्या संगणकावर इंग्रजीत होतात. त्यात Bhole असतं. ते भोळे आहे हे अक्षरांत दिसत नाही, आणि बाहेरून आलेला निवेदक 'भोले' वाचतो. Rane हे राणे की राने, Dhake हे ढाके की धाके, Talele हे तळेले की तलेले, हे कागद सांगत नाही. Barhate तर बऱ्हाटे आहे हे ओळखायला जळगावातच जन्मावं लागतं. Zope वाचताना बाहेरचा माणूस शेवटचा 'ए' गिळतो. यावर उपाय एकच आहे आणि तो कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी करायचा: यादी देवनागरीत लिहून काढायची, आणि शंका असेल ते नाव खुद्द त्या माणसाकडून एकदा म्हणवून घ्यायचं.

देवनागरीतही एक अडचण उरते. च, ज आणि झ या अक्षरांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि ते लिहून दाखवता येत नाहीत. 'यातला ज जीवमधला की जागामधला? च चिमणीतला की चुलीतला?' असं विचारलं की लहान मुलालाही कळतं. झोपे आडनावातला झ झोपेतलाच आहे, हे एकदा ध्यानात आलं की विसरत नाही. अहिराणीत ळ चा य होतो. जळगावचं जयगाव आणि धुळ्याचं धुये होतं. एखादे आजोबा आपल्या गावाचं नाव असं उच्चारतात तेव्हा ऐकणाऱ्याने ते समजून घ्यावं, पण बाहेरच्या माणसाने त्याच उच्चाराची नक्कल करून परत बोलू नये. प्रेमाने केली तरी ती चेष्टेसारखी ऐकू येते.

माइकवर चूक झालीच तर ती तिथेच, माइकवरच, एका शब्दात सुधारावी: 'भोळे सर.' मग पुढची ओळ. कार्यक्रम संपल्यावर खाजगीत जाऊन माफी मागितली तर ती एकालाच ऐकू येते, चूक मात्र सभागृहाने ऐकलेली असते.

एका बाबतीत खानदेशातली सगळी पद्धतच नाव हरवते, आणि तिथे विसरणाऱ्याचा दोष नाही. बायकांची ओळख नावाने करून दिलीच जात नाही. 'ह्या पाटील भाऊंच्या मिसेस', 'ह्या मोठ्या जाऊबाई', 'ह्या फैजपूरच्या मावशी'. नवी नवरी सासरच्या चाळीस माणसांच्या पाया पडते तेव्हा तिच्या कानांवर चाळीस नाती येतात, नाव क्वचितच एखादं येतं. पुष्कळ घरांत तिचं स्वतःचं नावही त्याच दिवशी तांदळाच्या ताटात बदलून लिहिलं जाई. वर्षभराने धाकट्या जावेचं खरं नाव तिला दवाखान्याच्या कागदावर पहिल्यांदा दिसतं, असं घडत आलं आहे.

अशा वेळी नात्याचा शब्द सोडायची गरज नाही, त्याच्या पुढे नाव मागून घ्यावं. हे एकट्या नवरीने चाळीस जणींना विचारायचं काम नव्हे. रोममध्ये पुढाऱ्याच्या मागे चालून समोरून येणाऱ्याचं नाव कानात सांगणारा एक गुलाम असे, आणि आजही गावभेटीला आलेल्या नेत्याच्या खांद्याशी स्थानिक कार्यकर्ता हेच काम करताना दिसतो. नवरीसाठी ते काम बारा-तेरा वर्षांची नणंद फार छान करते. तिला सगळी नावं ठाऊक असतात, माहेरचं गावही ठाऊक असतं, आणि कुणाचं काय चुकतं तेही. दुपारी मांडव शांत झाल्यावर तिच्याजवळ बसून एक वही उघडावी: मोठ्या जाऊबाई, पुढे त्यांचं नाव, पुढे माहेर. न्हावीच्या, वरणगावच्या, दोंडाईच्याच्या. संध्याकाळी चहाचे कप घेऊन जाताना वही आत ठेवावी आणि एकेका चेहऱ्यासमोर थांबून नाव मनात आधी यावं, मग कप पुढे करावा. ज्या चेहऱ्यापाशी नाव येणार नाही तिथे 'वहिनी, माहेर वरणगावचं ना? नाव काय तुमचं?' असं विचारावं. कित्येक वर्षांत त्या घरात त्यांना ते कुणी विचारलेलं नसतं.